एकाच घरातल्या दोन पुरणपोळ्या

होळी जवळ आली की माझ्या वहिनींचा फोन येतो, आणि तो बहुतेक वेळा पुरणयंत्राबद्दल असतो. २०२४ साली मात्र तो यूट्यूबबद्दल होता. "भाऊजी, माझीच नवी पोळी माझ्या जुन्या पोळीच्या मुळावर उठलीय हो," त्या म्हणाल्या. मी हसलो, पण तक्रार खरी होती.

वहिनींचं स्वयंपाकाचं छोटंसं चॅनेल आहे. त्यावर २०२० साली त्यांनी पुरणपोळीचा पहिला व्हिडिओ टाकला. ओट्यावर भांड्यांना टेकवून उभा केलेला मोबाइल, मागे कुकरच्या शिट्ट्या, पण कृती अगदी नेमकी. तो अकरा मिनिटांचा व्हिडिओ दर होळीला आपणहून जागा व्हायचा आणि हजारो लोक बघायचे. पुढे चांगला कॅमेरा आला, दिवा आला, आणि २०२३ च्या होळीआधी त्यांनी पुरणपोळीच पुन्हा केली, या वेळी चौदा मिनिटांची. दोघांची टायटलं अशी होती:

पुरणपोळी रेसिपी | Puran Poli Recipe

मऊ लुसलुशीत पुरणपोळी रेसिपी | Puran Poli Recipe in Marathi

दोन होळ्या झाल्या आणि लक्षात आलं की नवा व्हिडिओ जेवढा चढतो, तेवढाच जुना उतरतो. घरात माणसं तेवढीच आणि ताटं मात्र दोन मांडलेली, असा प्रकार. दुसऱ्यांच्या चॅनेलांचे आकडे वाचणं हा माझा रोजचा धंदा, त्यामुळे निदान करायची जबाबदारी माझ्याकडे आली.

या प्रकाराला धंद्यात 'कीवर्ड कॅनिबलायझेशन' असं भयंकर नाव आहे. म्हणजे आपल्याच दोन गोष्टींनी एकाच शोधासाठी भांडणं. हा शब्द यूट्यूबवर जन्मला नाही, तो वेबसाइटवाल्यांकडून आला. गूगलच्या शोधात एकाच साइटची पानं वरच्या निकालांत सहसा दोनांहून जास्त दिसू देत नाहीत, तसा बदल त्यांनी २०१९ साली जाहीरच केला होता. त्यामुळे तिथे आपल्याच दोन पानांत जागेची मारामारी होते हे समजण्यासारखं आहे. यूट्यूबवर चित्र थोडं निराळं आहे. तिथे प्रत्येक व्हिडिओ आपापल्या बळावर उभा असतो, आणि एकाच चॅनेलचे तीन व्हिडिओ वरच्या दहांत दिसले तरी कुणी हरकत घेत नाही.

म्हणूनच दोन व्हिडिओ एका शोधात दिसले की लगेच घाबरायचं कारण नाही. वरच्या पाचांतल्या दोन खुर्च्या आपल्याच असतील, तर ती तक्रार नव्हे, चैन आहे. टायटलं सारखी दिसली की बदलायलाच हवीत असं सांगणारे सल्लागार मी पुष्कळ पाहिलेत, आणि त्यांनी बिघडवलेली चॅनेलंही पाहिली आहेत. आधी भांडण आहे की नाही ते बघायचं, मग सोडवायला जायचं.

भांडण कधी म्हणायचं? शोधातून येणाऱ्या दोघांच्या व्ह्यूंची बेरीज करून बघा. नवा व्हिडिओ आल्यावर बेरीज वाढली असेल, तर दोघं मिळून कमावताहेत, त्यांना हात लावू नका. बेरीज तेवढीच राहिली आणि नुसती वाटणी झाली, तर नव्या व्हिडिओची मेहनत शोधापुरती तरी वाया गेली. आणि बेरीज घटली असेल, तर खरोखर नुकसान होतंय. वहिनींच्या बाबतीत ही बेरीज करणं वाटलं तितकं सोपं निघालं नाही, कारण मध्ये होळी आडवी आली.

झालं असं की वहिनींनी स्वतः मार्च महिन्याचे आकडे काढून ठेवले होते. २०२३ चा मार्च, २०२४ चा मार्च, शेजारी शेजारी. त्यात २०२४ चा आकडा कितीतरी मोठा दिसत होता, आणि त्या चक्रावल्या होत्या की नुकसान होतंय की फायदा. पण होळी पंचांगाने येते. २०२३ साली ती ६ मार्चला होती आणि २०२४ साली २४ मार्चला. पुरणपोळीचा शोध घेणारी माणसं होळीच्या आधीच्या दोन आठवड्यांत येतात. म्हणजे २०२३ ची बरीचशी गर्दी फेब्रुवारीतच येऊन गेली होती आणि २०२४ ची पूर्ण मार्चमध्ये मावली होती. सणाच्या पदार्थाचा हिशेब इंग्रजी महिन्याने केला की असा घोटाळा होतो. म्हणून आम्ही दर वर्षी होळी धरून आधीचे पंधरा दिवस मोजले.

आता गोल केलेले आकडे सांगतो. २०२२ साली जुना व्हिडिओ एकटाच होता, तेव्हा त्या पंधरा दिवसांत शोधातून साधारण नऊ हजार व्ह्यू आले. २०२३ साली जुन्याला साडेपाच आणि नव्याला साडेतीन हजार, म्हणजे बेरीज पुन्हा नऊच. २०२४ साली जुन्याला साडेतीन आणि नव्याला पाच, बेरीज साडेआठ. आलेख काढला तर कात्रीच्या पात्यांसारख्या दोन रेषा एकमेकींना छेदून जात होत्या. भांडण होतं, आणि दुसऱ्या वर्षी थोडा तोटाही दिसत होता. अर्थात पाचशेची घट दुसऱ्या कुणाच्या चांगल्या व्हिडिओमुळेही होऊ शकते, एवढ्यावरून निकाल देता येत नाही. म्हणून पुढचा प्रश्न विचारायचा: हे दोघे नेमक्या कुठल्या शब्दांवर भांडताहेत?

त्यासाठी यूट्यूब स्टुडिओत जायचं. तिथे Analytics मध्ये Advanced mode उघडला की प्रेक्षक कुठून आले याची यादी मिळते, आणि त्यात YouTube search वर टिचकी मारली की लोकांनी टाइप केलेले शब्द जसेच्या तसे दिसतात. हे चॅनेलचं एकत्र बघू नका. एक व्हिडिओ निवडा, त्याची यादी कागदावर उतरवा, मग दुसऱ्याची. मी कागद म्हणतो कारण दोन याद्या शेजारी ठेवून रेघा मारण्यासारखं सुख स्क्रीनवर नाही. वहिनींच्या दोन्ही याद्यांत वरचे चार शब्द तेच होते: "puran poli recipe", "पुरणपोळी", "puran poli" आणि "puran poli recipe in marathi". फक्त क्रम वेगळा. त्याखाली मात्र याद्या वेगळ्या व्हायला लागल्या होत्या, त्याकडे नंतर येतो.

याच यादीत प्रत्येक शब्दासमोर एक आकडा असतो, ज्याकडे फार कुणी बघत नाही. त्या शब्दावरून आलेल्या माणसाने सरासरी किती वेळ बघितलं, तो आकडा. "puran poli recipe" टाइप करून आलेली माणसं जुन्या व्हिडिओवर सरासरी ६ मिनिटं १० सेकंद थांबत होती आणि नव्यावर ४ मिनिटं १२ सेकंद. लांबी वेगळी असल्यामुळे मिनिटांची तुलना करून भागत नाही, टक्के काढावे लागतात. अकरा मिनिटांपैकी सहा मिनिटं दहा सेकंद म्हणजे ५६ टक्के, चौदापैकी चार मिनिटं बारा सेकंद म्हणजे ३० टक्के. कुकरच्या शिट्ट्यांवाला व्हिडिओ निम्म्याहून जास्त बघितला जात होता आणि झकपक दिव्यातला एक तृतीयांशही नाही.

यूट्यूब शोधाचा क्रम लावताना काय बघतं हे त्यांनी स्वतः सांगितलेलं आहे. टायटल, वर्णन, टॅग आणि प्रत्यक्ष व्हिडिओ शोधाशी किती जुळतो हे एक. त्या शोधावरून आलेल्या लोकांनी तो व्हिडिओ किती पाहिला हे दुसरं. आणि तिसरं म्हणजे त्या विषयात चॅनेल किती विश्वासाचं आहे. पहिल्या आणि तिसऱ्या कसोटीवर वहिनींचे दोन्ही व्हिडिओ जवळजवळ सारखेच. फरक दुसरीत होता. नवा व्हिडिओ नवेपणाच्या आणि छान थंबनेलच्या जोरावर क्लिक मिळवत होता, पण ती माणसं मधेच उठून जात होती. उठून गेलेला माणूस वहिनींच्या जुन्या व्हिडिओवरच जाईल असं थोडंच आहे? तो खालच्या तिसऱ्याच कुणाकडे जातो.

मग मी नवा व्हिडिओ सलग बघितला, आणि कारण पहिल्या चार मिनिटांतच सापडलं. वहिनी डाळ कोणती घ्यावी, जुनी डाळ शिजायला का त्रास देते, कणकेत तेल कधी घालायचं, कणीक किती वेळ मुरू द्यायची हे सगळं आधी सांगत बसल्या होत्या. हे ज्ञान सोन्यासारखं. पण जो "रेसिपी" टाइप करून आलाय त्याला हवंय की एक वाटी डाळीला किती गूळ, किती पाणी, आणि किती शिट्ट्या. जुन्या व्हिडिओत हे पहिल्या मिनिटात येतं. म्हणजे खरी गोष्ट अशी होती की हे दोन व्हिडिओ एकाच विषयाचे नव्हतेच. पहिला होता पुरणपोळी कशी करायची याचा, आणि दुसरा होता ज्यांना करता येते पण नीट जमत नाही त्यांच्यासाठी. टायटलं मात्र दोघांना एकच टोपी घालून उभी होती.

इथे शब्दाचा मालक ठरला. "रेसिपी" जुन्याकडे राहणार. वहिनींना हे पचायला जड गेलं. "अहो, त्यात माझ्या मागे फाटका कॅलेंडर दिसतोय," त्या म्हणाल्या. पण शोधात बसायची जागा दिसण्यावर द्यायची नसते, जो प्रश्नाचं उत्तर देतो त्याला द्यायची असते. नवा आहे म्हणून नव्याला, किंवा जुना आहे म्हणून जुन्याला, असंही नाही. त्या शब्दावरून आलेली माणसं कुठे जास्त टिकतात, एवढंच बघायचं.

मग नव्याचं टायटल काय ठेवायचं? वहिनींनी आधी स्वतःच दोन प्रयत्न केले होते, तेही सांगितले पाहिजेत, कारण सगळे तेच करतात. पहिला प्रयत्न विशेषणांचा. "मऊ लुसलुशीत" काढून "तोंडात टाकताच विरघळणारी" केलं. काहीही फरक पडला नाही, आणि पडणारही नव्हता. माणूस शोधताना नाम टाइप करतो, अडचण टाइप करतो, विशेषण क्वचित. "लुसलुशीत" काढून "परफेक्ट" घातलं, किंवा "सोप्या पद्धतीने" जोडलं, तरी दोघं ज्या शब्दासाठी भांडताहेत तो शब्द तिथेच राहतो.

दुसरा प्रयत्न लिपीचा. एका व्हिडिओचं टायटल फक्त देवनागरीत, दुसऱ्याचं फक्त रोमनमध्ये. कल्पना वाईट नाही, पण आपल्याकडे एकच माणूस सकाळी "पुरणपोळी" बोलून शोधतो आणि संध्याकाळी "puran poli" टाइप करतो. लिपी बदलली म्हणून त्याला हवी असलेली गोष्ट बदलत नाही. लिपीने माणसं वाटली जात नाहीत, हवं काय आहे त्याने वाटली जातात. टॅग बदलून काही होईल का, असंही त्यांनी विचारलं. यूट्यूबच म्हणतं की व्हिडिओ सापडण्यात टॅगचा वाटा अगदी थोडा आहे, नेहमी चुकीच्या स्पेलिंगने लिहिल्या जाणाऱ्या शब्दांपुरता त्यांचा उपयोग. तो नाद सोडला.

नव्या व्हिडिओचे खरे शब्द त्याच्याच पोटात होते. मघाशी म्हटलं त्या याद्यांचा खालचा भाग काढला. नव्याच्या यादीत थोड्या थोड्या व्ह्यूंचे असे शोध होते जे जुन्याच्या यादीत नव्हतेच: पुरणपोळी फुटते, पुरण पातळ झालं तर काय करावं, "puran poli futu naye mhanun". आकडे लहान, पण समोरची टक्केवारी बघण्यासारखी. ही माणसं निम्म्याहून जास्त व्हिडिओ बघत होती. मग कुठे किती लोक थांबले ते दाखवणारा आलेख उघडला. नवव्या मिनिटापाशी तो उतरता उतरता मधेच वर उचलला होता. असा उंचवटा आला की समजायचं, लोक मागे जाऊन तेवढाच भाग पुन्हा बघताहेत. नवव्या मिनिटाला वहिनी उंडा भरून त्याचं तोंड कसं बंद करायचं ते दोन्ही हातांनी दाखवतात.

आणि एक गंमत खालच्या प्रतिक्रियांमध्ये सापडली. वहिनी व्हिडिओभर "पोळी फाटते" म्हणतात. त्यांच्या माहेरचा शब्द तोच. लिहिणाऱ्या बायका मात्र बहुतेक सगळ्या "फुटते" लिहीत होत्या. लाटताना पुरण बाहेर आलं की पोळी फुटली. आपण टायटलमध्ये "फाटते" लिहिलं असतं तर ते चूक नसतं, पण लोकांच्या बोटांवर जो शब्द आहे तो नसता. यूट्यूबच्या शोधाच्या चौकटीत "पुरणपोळी" लिहून पुढे एकेक अक्षर टाकत गेलं की खाली सुचवण्या येतात, त्यातही हे तपासता येतं. फक्त हे आपल्या नेहमीच्या खात्यातून करू नका. स्वतःचे व्हिडिओ दिवसभर बघणाऱ्या माणसाला यूट्यूब तेच दाखवणार. खात्यातून बाहेर पडून, खासगी खिडकीत बघा, आणि एकदा मोबाइलवरही.

नवं टायटल असं ठरलं:

पुरणपोळी फुटू नये म्हणून: कणीक आणि पुरणातल्या ३ चुका | Puran Poli Futu Naye Mhanun

यात "रेसिपी" नाही, "Recipe" नाही, "कशी करायची" नाही. "पुरणपोळी" आहे, कारण ती काढता येत नाही आणि काढू नये. नुसतं "पुरणपोळी" शोधणाऱ्याला अजूनही दोन्ही व्हिडिओ दिसतील, त्याला इलाज नाही आणि गरजही नाही. वेगळं करायचं ते पुढचं शेपूट. चुकाही खरोखर तीन आहेत, म्हणून तीन लिहिल्या: कणीक घट्ट राहणं, पुरण पातळ राहणं, आणि पुरणात डाळीची कणी राहणं. वहिनींची परीक्षा जुनीच, शिजत्या पुरणात उलथनं उभं राहिलं पाहिजे. कणीक आणि पुरण दोन्ही सारखीच मऊ असली की पोळी कडेपर्यंत सरकते, नाहीतर जे कडक असतं ते मऊला फोडून बाहेर येतं.

लांबीबद्दल एक बारीक गोष्ट. यूट्यूब टायटलला शंभर अक्षरं देतं, पण ती आपण शाळेत मोजतो तशी नव्हेत. "पुरणपोळी" आपल्याला पाच अक्षरांची दिसते. यंत्र उकार, मात्रा, वेलांटी सुटी मोजतं आणि तिथे तिची आठ होतात. "म्हणून" तीन अक्षरांचं, पण मोजणीत सहा. वरचं टायटल रोमन धरून ८२ होतं. शंभरात बसलं तरी मोबाइलवर शेवटचा भाग कापला जातो, म्हणून "फुटू नये" पुढे ठेवलं आणि रोमन शेवटी. जुन्या टायटलांत नेमकं उलटं होतं: वेगळेपणा सांगणारे शब्द असले तरी दोघांचं जे सारखं, तेच ठळकपणे दिसायचं.

टायटल बदललं आणि बाकी सगळं तेच ठेवलं तर काम अर्धंच होतं. नव्या व्हिडिओच्या वर्णनाची पहिली ओळ "आज आपण पुरणपोळीची रेसिपी बघणार आहोत" अशी होती, ती काढून तीन चुका लिहिल्या. थंबनेलवर मोठ्या अक्षरांत "पुरणपोळी" होतं, तिथे तव्यावर फुटलेल्या पोळीचं चित्र आलं. (ती पोळी मुद्दाम फोडावी लागली, आणि वहिनींनी ती शूटिंगनंतर कुणाला खाऊ दिली नाही.) वर्णनात वेळा लिहून व्हिडिओचे भाग पाडले. पहिली वेळ 0:00 हवी, निदान तीन भाग हवेत आणि प्रत्येक भाग दहा सेकंदांचा तरी हवा, तरच यूट्यूब ते भाग म्हणून धरतं. भागांना नावंही अडचणींचीच दिली. आणि ज्याला मुळात कृती हवी असेल त्याच्यासाठी शेवटच्या पडद्यावर जुन्या व्हिडिओची जोडणी ठेवली.

तरीही एक गोष्ट सुटलीच. आठवडाभराने वहिनींच्या भाचीने दुबईहून स्क्रीनशॉट पाठवला. तिच्या फोनवर नव्या व्हिडिओचं टायटल अजून "Soft Puran Poli Recipe" असंच होतं. मला वाटलं जुनं काहीतरी साठून राहिलं असेल. तसं नव्हतं. कधीतरी कुणाच्या सांगण्यावरून वहिनींनी स्टुडिओत दोन्ही व्हिडिओंना इंग्रजी भाषांतरित टायटलं जोडली होती आणि विसरून गेल्या होत्या. मूळ टायटल बदललं तरी हे भाषांतर आपोआप बदलत नाही. ज्यांचं यूट्यूब इंग्रजीत आहे, आणि आपल्याकडेही असे पुष्कळ आहेत, त्यांना तेच दिसत राहतं. म्हणजे मराठीत आम्ही दोघांना वेगळं केलं होतं आणि इंग्रजीत ते एकाच ताटात जेवत होते. तेही बदललं.

हे सगळं केलं २०२५ च्या जानेवारीत, आणि वेळ मुद्दाम निवडली होती. त्या वर्षी होळी १३ मार्चला होती. ऐन गर्दीत टायटल बदललं तर चढ-उतार टायटलमुळे आहे की सणामुळे हे कळत नाही, आणि बिघडलं तर सावरायला दिवस उरत नाहीत. बदलाची तारीख, जुनं टायटल आणि त्या दिवशीचे आकडे वहीत लिहिले. जुन्या व्हिडिओला त्या वेळी हातही लावला नाही. दोघांना एकाच दिवशी बदललं असतं तर कुणामुळे काय झालं ते कधीच कळलं नसतं. पुढचे चार आठवडे मी वहिनींना काही बदलू दिलं नाही. नुसतं टायटल बदलल्याने क्रम त्याच दिवशी हलत नाही. नवं टायटल वाचून कोण येतं आणि आलेला किती थांबतो, हे जमत जातं तसा तो हलतो.

होळीआधीच्या पंधरा दिवसांत जुन्या व्हिडिओला शोधातून साडेसात हजार व्ह्यू आले आणि नव्याला दोन हजार. बेरीज साडेनऊ. वहिनींचं पहिलं वाक्य होतं, "म्हणजे माझ्या नव्या व्हिडिओचे पाचाचे दोन झाले!" हो, झाले. पण त्या दोन हजारांतल्या बहुतेकांनी "फुटते", "पातळ" असं काहीतरी टाइप केलं होतं आणि ते शोधातून आलेले लोक निम्मा व्हिडिओ बघत होते. "puran poli recipe" नव्याच्या यादीत खाली गेला होता. एका होळीवरून मी छातीठोकपणे काही सांगणार नाही. साडेआठाचे साडेनऊ व्हायला त्या वर्षी दुसरंही कारण असू शकतं. कात्री मात्र बंद झाली होती, आणि तेवढंच आम्हाला करायचं होतं. ऑगस्टमध्ये पोळ्याच्या आदल्या दिवशी नवा व्हिडिओ पुन्हा हलला, ते मात्र माझ्या हिशेबात नव्हतं. बैलाला नैवेद्य दाखवायच्या पोळ्याही फुटतातच की.

वहिनींचं नशीब असं की त्यांच्या दोन व्हिडिओंत खरोखर वेगळं काही होतं. प्रत्येकाचं तसं नसतं. गेल्या वर्षी एका ओळखीच्या माणसाने गिटारच्या पहिल्या धड्याचे दोन व्हिडिओ आणून दाखवले. तोच धडा, तेच उदाहरण, दुसऱ्यात फक्त आवाज चांगला. अशा ठिकाणी टायटल वेगळं करणं म्हणजे खोटं बोलणं, कारण आत आलेल्या माणसाला टायटलमधलं काही सापडत नाही आणि तो उठून जातो. यूट्यूबवर दोन व्हिडिओ एकत्र जोडून एक करता येत नाहीत, जुन्या दुव्यावर नवी फाइलही चढवता येत नाही. स्टुडिओतल्या एडिटरमध्ये मधला भाग कापता येतो, दुवा आणि व्ह्यू तसेच राहून. एखाद्या व्हिडिओतली सामाईक सुरुवात कापून उरलेल्याला वेगळं टायटल शोभत असेल तर तो एक मार्ग. नाहीतर कमकुवत व्हिडिओ Unlisted करायचा, म्हणजे दुवा चालतो पण शोधात येत नाही. मात्र चॅनेल अजून कमाईच्या उंबरठ्यावर असेल तर हे करण्याआधी हिशेब करा. बारा महिन्यांत चार हजार तासांची जी अट आहे, त्यात सार्वजनिक व्हिडिओंचेच तास धरले जातात. लपवलेल्याचे तास त्यातून गळतात. त्या गिटारवाल्याला मी दोन्ही तसेच ठेवायला सांगितले. दोघांची बेरीज चढती होती, मग भांडण कशाला उकरायचं?

वहिनी आता तेलावरच्या पुरणपोळीचा व्हिडिओ करताहेत. या वेळी कॅमेरा लावायच्या आधी त्यांनी टायटल लिहून पाठवलं: "तेलावरची मऊ लुसलुशीत पुरणपोळी रेसिपी". मी "लुसलुशीत" आणि "रेसिपी" खोडून परत पाठवलं. "रेसिपी खोडा," त्यांचं उत्तर आलं, "पण लुसलुशीत राहू द्या. ती तशी होते."